रात्रीचा शेवटचा तिसरा भाग : तहज्जुदची नमाज

तहज्जुद हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा संबंध झोपेशी आहे. तहज्जुद म्हणजे झोप बाजूला सारून उठणे. म्हणूनच इशाची नमाज झाल्यावर थोडे तरी झोपून मग उठून पढलेली नमाज तीच तहज्जुद, असे अनेक उलेमा मानतात. न झोपता पढलेल्या रात्रीच्या नफिल नमाजांना कियामुल लैल हे व्यापक नाव आहे. कुराणातील बनी इस्राईल या सूरेच्या ७९व्या आयतीत पैगंबरांना तहज्जुदचा आदेश आहे. इतर मुसलमानांवर मात्र ती फर्ज नाही. तिच्यासाठी अजान होत नाही आणि ती बहुधा घरात, एकट्यानेच पढली जाते.

तहज्जुदची वेळ इशानंतर सुरू होते आणि सुबह सादिक होताच संपते. त्यातही रात्रीचा शेवटचा तिसरा भाग सर्वांत उत्तम मानला जातो, कारण त्या प्रहरी अल्लाह मागणाऱ्याची हाक ऐकतो, असे हदीसमध्ये आले आहे. हा भाग घड्याळातल्या बारावरून ठरत नाही. समजा, सूर्यास्त संध्याकाळी ६.३० ला आणि सुबह सादिक पहाटे ५.३० ला आहे. म्हणजे रात्र ११ तासांची. तिचे तीन भाग केले की प्रत्येक भाग ३ तास ४० मिनिटांचा येतो, आणि शेवटचा भाग रात्री १.५० ला सुरू होतो. हिवाळ्यात रात्र लांबते, उन्हाळ्यात आखडते, तशी ही वेळही सरकते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे रात्र सूर्योदयापर्यंत धरणे. सूर्योदय ६.४५ ला धरून हिशेब केला तर शेवटचा भाग २.४० ला सुरू झाल्यासारखा वाटतो. त्याहून मोठा तोटा असा की ५.३० नंतर उठणाऱ्यालाही अजून वेळ आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात तेव्हा फज्रची वेळ लागलेली असते. पूर्वेला आधी उभा, खांबासारखा उजेड दिसतो आणि विरतो. ती सुबह काजिब, म्हणजे खोटी पहाट. त्यानंतर क्षितिजावर आडवा पसरत जाणारा उजेड ही खरी पहाट. मशिदीच्या वेळापत्रकात हीच वेळ दिलेली असते. रमजानमध्ये सहरीही तिथेच संपते, त्यामुळे सहरीसाठी उठलेल्या घरात दोन रकात तहज्जुद सहज साधते.

रकातींची सक्तीची संख्या नाही. कमीत कमी दोन पढतात, आणि दोन-दोन करत दर दोन रकातींनंतर सलाम फेरतात. हजरत आयशा यांच्या कथनानुसार पैगंबर रमजानमध्ये आणि एरवीही अकरापेक्षा जास्त रकाती पढत नसत. त्यात आठ तहज्जुदच्या आणि तीन वित्रच्या धरल्या जातात. काही कथनांत तेरा येतात. आठ रकातींची प्रथा त्यातूनच रुजली. संख्येपेक्षा पैगंबरांचा भर संथ पठणावर आणि दीर्घ सजद्यांवर असे. ज्याला घाईघाईत आठ उरकाव्या लागतात, त्याने दोनच शांतपणे पढणे या परंपरेशी अधिक जुळते.

वित्र ही विषम संख्येची नमाज रात्रीचा शेवट मानली जाते. पहाटे जाग येण्याची खात्री असेल तर ती तहज्जुदनंतर पढावी. नसेल तर इशाबरोबरच उरकावी. रात्री वित्र झाली आणि पुन्हा जाग आली, तरी तहज्जुद पढता येते. फक्त वित्र दुसऱ्यांदा पढत नाहीत. हनफी मतात वित्र वाजिब आहे आणि तिच्या तीन रकाती एकाच सलामाने पूर्ण होतात. शाफई मतात ती सुन्नत आहे, आणि दोन अधिक एक अशी वेगळी पढणे चांगले मानतात. महाराष्ट्रात हा फरक शेजारी-शेजारी दिसतो, कारण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत.

दुआ जाग येताच सुरू होते. झोपेच्या मृत्यूनंतर पुन्हा जीवन दिल्याबद्दल आधी आभार मानतात. पैगंबर उठल्यावर आले-इमरान सूरेच्या शेवटच्या आयती पढत, असे इब्ने अब्बास सांगतात. त्यांनी मावशी मैमूना यांच्या घरी एक रात्र काढून हे स्वतः पाहिले होते. नमाजेच्या आरंभीची एक दुआ अल्लाहला आकाश आणि पृथ्वीचा प्रकाश म्हणून संबोधते, त्याचे वचन, जन्नत आणि दोजख सत्य असल्याची कबुली देते आणि मागच्या-पुढच्या चुकांची क्षमा मागते. सजद्यात ठरावीक तस्बीहनंतर आपले मागणे मागता येते. शेवटी अस्तगफिरुल्लाह म्हणत इस्तिगफार करतात. पहाटेपूर्वी क्षमा मागणाऱ्यांचा कुराणात खास उल्लेख आहे. वित्रमध्ये दुआ-ए-कुनूत येते: हनफी ती वर्षभर पढतात, शाफई मुख्यतः रमजानच्या उत्तरार्धात.

पढताना डोळे मिटू लागले तर झोपून घ्यावे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. पेंगेत माणूस क्षमेऐवजी स्वतःलाच शाप देऊन बसेल. झोपेमुळे किंवा आजारपणामुळे रात्र चुकली, तर पैगंबर दिवसा बारा रकाती पढत.