'अर्जंट असेल तरच फोन करा' पुरेसं नाही

गणपतीला गावी निघालेला हिशेबनीस ऑफिसच्या ग्रुपवर लिहितो, 'अर्जंट असेल तरच फोन करा.' इथेच घोळ होतो. अर्जंट म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचं. मग जुन्या बिलाची प्रत हवी म्हणूनही फोन येतो आणि खरंच अडलेला माणूस मात्र संकोचाने गप्प बसतो.

निरोप असा हवा: 'शनिवार ते गुरुवार रजेवर आहे. मेल बघणार नाही. गावात रेंज कमी असते. रात्री आठ ते साडेआठ फोन लागेल. पगार बँकेत अडकला किंवा २० तारखेचं जीएसटी रिटर्न भरताना पोर्टलवर चूक दाखवली, तरच फोन करा. बिलं, व्हाउचर, येणी यांसाठी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना विचारा.'

कारण नेमकं दिलं की समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही. कसोटी सोपी आहे: परत येईपर्यंत थांबलं तर पैसे, मुदत किंवा कुणाची सुरक्षितता जाईल का? आणि ते दुसऱ्या कुणालाच जमणार नाही का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच फोन.

बँकेचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत असेल, तर मात्र कितीही चांगला निरोप लिहिला तरी फोन येणारच. ओटीपी फोनवर सांगणं धोक्याचं. म्हणून निघण्यापूर्वी मालकांकडून बँकेत दुसऱ्या व्यक्तीला अधिकार देऊन घ्या आणि तिच्याकडून एक छोटा व्यवहार करवून बघा.