पोरगी आळशी नाही, गोळीची झोप आहे : गुरुजींना लिहायची चिठ्ठी

ताईंनो, मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या आपल्या गटाच्या बैठकीत एक ताई बचत भरायला आली आणि रडायलाच लागली. तिची मुलगी चौथीत. दिवाळीनंतर फिटची गोळी चालू झाली आणि पोरगी वर्गात पेंगायला लागली. गुरुजींनी वहीत शेरा मारला, ‘लक्ष देत नाही, रात्री लवकर झोपवा.’ ताईला वाटलं, गोळीनेच पोरीचं डोकं मंद झालं. चाचणी परीक्षा आली म्हणून तिनं दोन रात्री गोळी दिलीच नाही. तिसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी पोरगी मैदानात पडली.

गुरुजींना आजाराचं माहीतच नव्हतं. ताईनं सांगितलं नव्हतं, कारण उद्या लग्नाच्या वेळी कोणी बोलू नये ही भीती. या भीतीला आपण नावं ठेवू शकत नाही. पण गुरुजींना न सांगितल्यामुळे पोरीला आळशी ठरवलं गेलं.

झोप का येते? मुलीला फेनोबार्बिटोन नावाची गोळी आहे. फिट म्हणजे मेंदूत अचानक उठलेला विजेचा गोंधळ. गोळी मेंदूची ही उसळी खाली ठेवते, त्यामुळे थोडी सुस्तीही येते. ताई म्हणाली, “गोळी तर रात्री देते, मग दुपारी झोप कशी?” कारण ही गोळी रक्तातून फार हळू उतरते. दिवसभर ती अंगात राहते म्हणून तर दिवसा फिट अडते. सुस्ती सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर जास्त असते, मग बहुतेकांची कमी होते. काही मुलं मात्र उलट चिडचिडी आणि चळवळी होतात. गोळी एकदम बंद केली तर थांबलेली फिट जोरात परत येऊ शकते, कधी लागोपाठ. म्हणून डोस किंवा वेळ बदलायची तर डॉक्टरांनीच.

मग आमच्या सीआरपी ताईनं आईच्या बोलण्यावरून चिठ्ठी लिहिली. ती अशी :

“मा. वर्गशिक्षक सर, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीला फिट येतात. दिवाळीनंतर डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन चालू केली, आता रोज रात्री ६० मिलिग्रॅम आहे. पंधरा दिवसांपूर्वी डोस वाढवला आहे. त्यामुळे तिला वर्गात झोप येते, फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो. ती मुद्दाम करत नाही. तिला पुढच्या बाकावर बसवावं, अवघड गणित ती ताजी असेल तेव्हा द्यावं, लिहायला थोडा जास्त वेळ द्यावा. झोप आली तर तोंड धुवायला पाठवावं, पण सोबत कुणी द्यावं. विहीर-हौदाकडे एकटीला सोडू नये. वर्गात सगळ्यांसमोर आजाराचं नाव घेऊ नये ही विनंती. एक मदत हवी. ती कधी पेंगते आणि कधी टक लावून बसते, ते वेळ घालून वहीत लिहून ठेवावं. फिट आली तर कुशीवर निजवावं, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करून मला कळवावं.”

खाली आईचा फोन नंबर आणि सही.

‘टक लावून बसते’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. गोळीने पेंगणाऱ्या मुलाला हाक मारली, हात लावला की ते जागं होतं, “हो सर” म्हणतं. पण डोळे उघडे आहेत, बोलता बोलता शब्द अर्धा राहिला, हाक मारली तरी उत्तर नाही, आणि काही सेकंदांनी जणू काही झालंच नाही असं काम पुढे चालू. तर ती झोप नसून बारीक फिट असू शकते. ती घरी अनेकदा लक्षात येत नाही. शाळेत, वाचताना, गुरुजींना दिसू शकते.

तसंच झालं. गुरुजींनी दहा दिवस लिहून ठेवलं. पेंगणं बहुतेक जेवणानंतरचं होतं. पण तीनदा, सकाळीच, वाचताना ती थांबली होती आणि हाकेला ओ दिली नव्हती. तो कागद आई डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पुढची तपासणी सांगितली आणि औषध हळूहळू बदलायला घेतलं.

मुलाचा चालताना तोल जात असेल, बोलणं जड झालं असेल, उठवून उठत नसेल किंवा अंगावर पुरळ आलं असेल, तर वहीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. गावात शाळा तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही ही चिठ्ठी दाखवता येते.

चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवा. जूनमध्ये वर्ग बदलला की गुरुजी बदलतात, आणि डोसही तोवर बदललेला असतो.