विश्लेषण : रांगोळी-मेंदीची फाइल विकताना नेमके काय विकले जाते?

दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी मोबाइलवर ‘४० ठिपक्यांच्या रांगोळ्या’ किंवा ‘२० ब्रायडल मेंदी डिझाइन्स’ अशा पीडीएफ संचांच्या जाहिराती दिसू लागतात. पैसे भरले की फाइल डाउनलोड होते. छपाई नाही, कुरिअर नाही, उरलेला साठा नाही. म्हणून हा व्यवसाय सोपा वाटतो. मात्र विक्रीच्या पानावर कोणते चित्र लावले आणि परवान्यात काय लिहिले, यावर डिझाइन पुढे कोणाचे राहणार हे ठरते.

पानावरचे चित्र पाहूनच रांगोळी काढता येत असेल तर?

ठिपक्यांच्या रांगोळीत हा धोका सर्वात मोठा आहे. ‘१५ ते ८’ या रांगोळीत मधल्या ओळीत १५ ठिपके असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत ते ८ वर येतात. एकूण ठिपके १६९. ठिपके आणि रेषा दोन्ही दिसणारे चित्र पानावर असेल, तर ग्राहकाला फाइल घ्यायची गरजच उरत नाही. तो स्क्रीनशॉट काढतो, ठिपके मोजतो आणि अंगणात बसतो. म्हणून जाणकार विक्रेते पानावर रंग भरलेल्या पूर्ण रांगोळीचा, थोडा तिरका काढलेला फोटो लावतात. ठिपक्यांची मांडणी आणि कोणती रेषा आधी ओढायची याच्या पायऱ्या फाइलमध्येच ठेवतात. ग्राहकाला नक्षी आवडली की नाही हे फोटोवरून कळते. ती काढायची कशी, यासाठी तो पैसे देतो.

मेंदीचे गणित वेगळे आहे. तिथे रेषा हाच माल. ‘चित्र लहान ठेवले की झाले’ हा सल्ला फोटोंसाठी बरा आहे, रेखाचित्रासाठी फारसा उपयोगी नाही. ए-४ पानाच्या नीट छपाईसाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हे खरे. पण पांढऱ्यावर काळ्या रेषांचे ८०० पिक्सेलचे चित्रही इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केले की त्याची बऱ्यापैकी स्वच्छ व्हेक्टर फाइल मिळते.

फिकट राखाडी वॉटरमार्कचेही तेच. चित्र निव्वळ काळे-पांढरे करणारी एक आज्ञा दिली की राखाडी अक्षरे पांढऱ्यात विरघळतात आणि काळी नक्षी तशीच राहते. वॉटरमार्क लावायचाच असेल तर तो नक्षीच्याच रंगाचा आणि जाडीचा हवा, शिवाय रेषांना छेदत जाणारा हवा. रिकाम्या कोपऱ्यातले नाव कापायला कात्रीही लागत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे प्रत्यक्ष हातावर काढलेल्या मेंदीचा फोटो. बोटांचा गोलावा, त्वचेचा रंग आणि सावल्या यांमुळे ट्रेसिंग बिघडते.

‘वैयक्तिक वापरासाठी’ एवढे लिहिले की पुरते का?

पुरत नाही. समजा, कोल्हापूरच्या एका कलाकाराने २० मेंदी डिझाइन्सचा संच १९९ रुपयांना ठेवला आणि खाली ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिले. तो संच एका पार्लरवालीने घेतला आणि त्यातली नक्षी नवरीच्या हातावर काढून मेहनताना घेतला. हा वापर वैयक्तिक की व्यावसायिक? दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यामुळे परवान्यात उदाहरणे घालूनच लिहावे लागते : स्वतःच्या घरी आणि नातेवाइकांसाठी चालेल, पैसे घेऊन ग्राहकाच्या हातावर काढायची असेल तर वेगळा परवाना, फाइल इतरांना पाठवणे, पुस्तकात छापणे, स्टेन्सिल किंवा स्टिकर बनवणे यांना मनाई.

डिझाइनवर हक्क कोणाचा, याबाबतही गैरसमज आहेत. कुयरी, स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावले ही कोणाच्याच मालकीची नाहीत. त्यांची स्वतः केलेली मांडणी आणि स्वतः काढलेले रेखाचित्र मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ‘कलात्मक कृती’ ठरू शकते आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. याच कायद्यात एक तरतूद आहे, जी परवाना लिहिताना बहुतेक जण विसरतात. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईतल्या मराठी मंडळाने फाइल घेतली असेल तर हा तपशील कागदी राहत नाही. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे दोन शब्द घालणे सोपे आहे.

स्टेन्सिलवाल्याला परवानगी देताना काय तपासायचे?

सगळ्यात महाग चूक इथे होते. समजा, त्याच कलाकाराला एका लेझर-कटिंगवाल्याने विचारले, ‘तुमच्या नक्षीचे स्टेन्सिल काढून विकतो, ५ हजार रुपये देतो.’ तिने होकार दिला. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) नुसार, जे डिझाइन डिझाइन्स कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा तयार झाली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. त्या वस्तू मालकाने स्वतः बनवल्या किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने, तरी परिणाम तोच. म्हणजे ५१ वे स्टेन्सिल निघाल्यावर तिसराच कोणी तीच नक्षी कापून विकू लागला, तर तिच्या हातात फारसे काही उरणार नाही.

मग डिझाइनची नोंदणी करावी? २००० च्या डिझाइन्स कायद्याखाली ती होते, आधी १० वर्षांसाठी आणि पुढे ५ वर्षांनी वाढवता येते. पण डिझाइन नवे हवे. अर्जापूर्वी ते कुठेही प्रसिद्ध झाले असेल तर नोंदणी नाकारली जाऊ शकते आणि विक्रीच्या पानावरचे चित्र हीसुद्धा प्रसिद्धीच. म्हणून क्रम महत्त्वाचा : स्टेन्सिलसाठी राखलेल्या चार-पाच नक्षी आधी नोंदवायच्या आणि मगच पानावर लावायच्या.

‘हे तर माझे चित्र आहे, डिझाइन नव्हे’ असा युक्तिवाद करता येतो, पण तो आपोआप टिकत नाही. क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले की, मूळ कलाकृती आणि तिच्यापासून वस्तूसाठी तयार झालेले डिझाइन यांतला फरक प्रत्येक प्रकरणात तपासावा लागेल.

किंमत कशी ठरते?

आपल्याच पानावरून १९९ रुपयांना विक्री केली आणि पेमेंट गेटवेने २ टक्के आकार व त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला, तर पावणेपाच रुपयांच्या आसपास जातात. ठरावीक शुल्क घेणाऱ्या बाजारात स्वस्त फाइल मार खाते. एट्सीवर लिस्टिंगचे २० सेंट आणि विक्रीच्या साडेसहा टक्के शुल्क लागते. दीड डॉलरच्या फाइलमागे हेच जवळपास ३० सेंट होतात, म्हणजे एक पंचमांश. पेमेंटचा आकार वेगळाच. म्हणून तिथे एकेक नक्षी न विकता संच विकणे परवडते.

खरी कमाई परवान्यांतल्या फरकात आहे. १९९ रुपयांचा घरगुती परवाना आणि पार्लरसाठी समजा ५९९, यात फाइल तीच असते. स्टेन्सिलचा परवाना एकरकमी देण्यापेक्षा नगांची संख्या आणि मुदत लिहून दिलेला बरा.

‘९९ रुपयांत ५०० डिझाइन्स’ हे संच याच बाजारात भाव पाडतात. त्यातले बरेच इकडून तिकडून गोळा केलेले असतात. ग्राहकाला ते ओळखता येतात. पीडीएफ ८०० टक्के मोठी करून पाहावी. मूळ व्हेक्टर फाइलमधली रेषा गुळगुळीत राहते, उचललेल्या चित्राची रेषा चौकोनांत फुटते. पानागणिक रेषेची जाडी आणि हाताची धाटणी बदलत असेल, कुठे कोपऱ्यात अर्धवट पुसलेले नाव दिसत असेल, तर तो संच एका हातचा नाही.