मोज्यातला आकडा

बाळंतपणाला तुम्ही राळेगावला माहेरी आणि नवऱ्याने पुण्याहून पाठवला स्मार्ट मोजा! झोपलेल्या तान्ह्याचे ठोके साधारण मिनिटाला ९० ते १६०. गाढ झोपेत क्षणभर ८५ दिसले, पण बाळाचा रंग आणि श्वास नेहमीसारखा असेल, तर घाबरू नका. मोजा पायावर प्रकाश टाकून ठोके ओळखतो. तो सैल झाला किंवा बाळाने लाथ झाडली की आकडा चुकतो.

फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी असे दोन मोजे ३० बाळांवर तपासले (२०१८). एकाने १४ बाळांचे ठोके खोटेच कमी दाखवले, आणि ऑक्सिजन घटल्याचं एकदाही सांगितलं नाही! म्हणून ‘सगळं ठीक’ वाचून आईने डोळे मिटू नयेत. ओठ निळे पडले, श्वास अडखळला किंवा बाळ उठवूनही उठेना, तर आकडा काहीही असो, लगेच १०८ फिरवा.