कार्पेट एरिया कमी भरला तर बिल्डरला लिहायचे पत्र

ताबा घेताना फ्लॅट मोजला आणि करारनाम्यातल्या आकड्यापेक्षा जागा कमी भरली, तर खरेदीदाराने बिल्डरला लेखी विचारणा करायची असते. अशा पत्राचे सारे बळ मोजणीत असते. मोजणी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे केलेली नसेल, तर बिल्डर पहिल्याच उत्तरात ते पत्र मोडीत काढू शकतो.

ही व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरणारी वापरायोग्य जागा म्हणजे कार्पेट एरिया. घरातल्या आतल्या भिंतींखालची जागा मात्र त्यात धरली जाते. बहुतेकांची चूक इथेच होते. ते खोल्यांच्या लांबीरुंदीचे गुणाकार करतात, त्यांची बेरीज घेतात आणि आतल्या भिंती विसरतात.

उदाहरणार्थ, करारनाम्यात कार्पेट एरिया ६० चौरस मीटर आणि किंमत ७२ लाख रुपये आहे, असे धरू. खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि पॅसेज यांची बेरीज ५४.९० भरली. वरवर पाहता ५.१० चौरस मीटर गायब आहेत. पण आतल्या भिंतींची एकूण लांबी २१.६ मीटर आणि प्लास्टरसह जाडी साडेबारा सेंटिमीटर असेल, तर त्यांच्याखाली २.७० चौरस मीटर जागा जाते. ती मिळवल्यावर कार्पेट एरिया ५७.६० होतो. खरी घट २.४० चौरस मीटर, म्हणजे ४ टक्के आहे. पत्रात हाच आकडा यायला हवा.

बिल्डरचे ठरलेले उत्तर असते, की नकाशातली मापे विटांच्या भिंतीपासूनची आहेत आणि फरक प्लास्टरचा आहे. ते तपासता येते. एका बाजूच्या प्लास्टरची जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंती मिळून सुमारे ३ सेंटिमीटर. नकाशात बेडरूम ३.०५ बाय ३.६५ मीटर असेल आणि प्रत्यक्षात २.९५ बाय ३.५८ भरत असेल, तर एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ७ सेंटिमीटर कमी आहेत. इतका फरक प्लास्टरने होत नाही. भिंत सरकलेली किंवा जाड बांधलेली असते. म्हणून प्रत्येक खोलीचे नकाशातले आणि प्रत्यक्षातले माप शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता पत्राला जोडावा. मोजणी प्लास्टरच्या पृष्ठभागापासून केली, हेही लिहावे. मोजणी वास्तुविशारदाकडून करून त्याच्या सहीचा दाखला जोडला, तर अधिक चांगले.

दुसरे नेहमीचे उत्तर ३ टक्क्यांचे असते. महाराष्ट्राच्या नियमांसोबतच्या नमुना करारनाम्यात क्षेत्रफळातल्या फरकाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याचा अर्थ तेवढी जागा फुकट कापता येते, असा नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट एरिया कळवायचा आणि किंमत पुन्हा काढायची असते. घट मर्यादेत असली, तरी जास्त घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. करारातल्या दराने, म्हणजे चौरस मीटरला १ लाख २० हजार रुपये धरून, वरच्या उदाहरणातली रक्कम २ लाख ८८ हजार होते. इथे घट ४ टक्के असल्याने ती करारात मान्य केलेल्या मर्यादेबाहेर जाते. बाल्कनीची जागा मिळवून आकडा भरून काढणेही चालत नाही, कारण ती कार्पेट एरियात धरलीच जात नाही.

पत्राच्या सुरुवातीला फ्लॅट क्रमांक, करारनाम्याची तारीख व नोंदणी क्रमांक आणि प्रकल्पाचा महारेरा क्रमांक द्यावा. पुढे मोजणीची पद्धत आणि निघालेली घट सांगावी. त्यानंतर तीन स्पष्ट मागण्या असाव्यात: अंतिम क्षेत्रफळाचा लेखी तपशील द्यावा, दोन्ही बाजूंच्या समक्ष संयुक्त मोजणी करावी आणि घटीची रक्कम व्याजासह परत करावी. उत्तरासाठी पंधरा दिवसांसारखी ठरावीक मुदत लिहावी. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची प्रत ईमेलही करावी.

ताबापत्रात बऱ्याचदा ‘क्षेत्रफळाबाबत तक्रार नाही’ असे छापील वाक्य असते. त्याखाली तशीच सही केली, तर पुढे तेच वाक्य खरेदीदारासमोर ठेवले जाते. ते खोडून ‘क्षेत्रफळाबाबतचा हक्क राखून ताबा घेत आहे’ असे लिहावे आणि त्या कागदाची प्रत जवळ ठेवावी. मुदतीत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार करता येते. तिथे करारनामा, मोजणीचा तक्ता, हे पत्र आणि त्याची पोचपावती हेच मुख्य पुरावे ठरतात.