बाजूच्या फोटोतली मान

फोटोसाठी मोबाइल स्टँडवर सरळ, तीनेक मीटर दूर ठेवतात. शेजारी ओळंबा टांगला, की फोटो तिरका आलाय का ते लगेच कळतं.

मान खाली घातली की मानेच्या तळाशी ठळक लागणाऱ्या मणक्यावर टिकली चिकटवायची. तिथून कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापर्यंत रेघ ओढायची आणि आडव्या रेषेशी तिचा कोन मोजायचा. तो साधारण ५० अंशांहून कमी भरला, तर डोकं पुढे आलेलं मानतात.

समजा, एखाद्याचा कोन ४४ आला. ‘ताठ उभे राहा’ म्हणताच तोच ५२ होऊ शकतो! म्हणून सहज उभं असतानाचे दोन-तीन फोटो घेऊन सरासरी काढतात.

कमरेचा कल मात्र सैल कपड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी कमरेच्या पुढच्या-मागच्या हाडांवर खुणा लागतात. आणि दुखण्याचं निदान निव्वळ फोटोवरून करू नये.