लहान आतड्याचा आतून आणि आरपार शोध

तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण सगळे मोठे आतडे पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये जेमतेम डोकावते. या दोहोंच्या मधले, वेटोळी घालून बसलेले काही मीटर आतडे नेहमीच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर राहते. पूर्वी तिथला आजार हुडकायला बेरियम पाजून एक्स-रे काढत, आणि त्यात पुष्कळ काही निसटून जाई. आज हे काम मुख्यतः दोन तपासण्या करतात: कॅप्सूल एंडोस्कोपी आणि एंटेरोग्राफी. दोन्ही एकाच आतड्याच्या असल्या तरी एक आतले अस्तर पाहते आणि दुसरी आतड्याची भिंत व तिच्या पलीकडचा भाग. त्यामुळे कोणती तपासणी आधी करायची, हे रुग्णाच्या तक्रारीवर ठरते.

गिळता येणारा कॅमेरा ही कल्पना गॅव्रिएल इदान या इस्रायली अभियंत्याची. क्षेपणास्त्रांना दिशा दाखवणाऱ्या प्रतिमायंत्रणांवर त्यांनी काम केले होते. या कॅप्सूलचे वृत्त 2000 साली ‘नेचर’मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. साधारण 26 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर जाड अशा या कॅप्सूलमध्ये कॅमेरा, छोटे दिवे, बॅटरी आणि प्रक्षेपक बसवलेले असतात. रुग्णाच्या पोटावर संवेदक चिकटवतात किंवा तसा पट्टा बांधतात, आणि कमरेच्या रेकॉर्डरमध्ये सेकंदाला दोन किंवा अधिक चित्रे जमा होत राहतात. लोहाच्या गोळ्या अस्तर काळवंडून टाकतात, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवतात. आदल्या दिवशी पातळ आहार, जुलाबाचे औषध आणि रात्रभर उपास, एवढी पूर्वतयारी पुरते. कॅप्सूल पुढे ढकलण्याचे काम आतडे स्वतःच करते.

समजा, साठी ओलांडलेल्या एका बाईंचे हिमोग्लोबिन वारंवार 7 पर्यंत उतरते, अधूनमधून शौच काळे होते, आणि दोन्ही दुर्बीण तपासण्यांत काहीच सापडत नाही. पोटदुखी नाही, उलट्या नाहीत. अशा वेळी कॅप्सूल आधी. रक्त गेल्यापासून दोन-तीन दिवसांत ती गिळली, तर रक्तस्रावाची जागा सापडण्याची शक्यता जास्त असते. चित्रे पाहताना डॉक्टरांना दिसते, की कॅप्सूल 25व्या मिनिटाला जठरातून लहान आतड्यात उतरली आणि 5 तास 10 मिनिटांनी मोठ्या आतड्यात पोचली. 1 तास 10 मिनिटांच्या सुमारास काही चित्रांत फुलून आलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा लालभडक ठिपका आहे. म्हणजे लहान आतड्यातल्या 285 मिनिटांच्या प्रवासात 45 मिनिटे सरल्यावर तो दिसला. कॅप्सूल सारख्या वेगाने सरकत नाही, त्यामुळे यावरून अंतर मोजता येत नाही. पण ठिपका वरच्या भागात आहे आणि तिथे तोंडावाटे जाणे सोयीचे, एवढे नक्की कळते. मग फुग्याच्या मदतीने आतडे गोळा करत पुढे सरकणारी खास लांब दुर्बीण तिथवर नेऊन तो ठिपका जाळता येतो. असा सपाट ठिपका सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. अस्तरावरचे बारीक व्रणही तिथे निसटतात.

कॅप्सूलच्या मर्यादाही थोड्या नाहीत. तिला थांबवता येत नाही, वळवता येत नाही, तुकडा काढून आणता येत नाही. सुरुवातीच्या भागातून ती झपाट्याने जाते, त्यामुळे तिथली गाठ एखाद्याच चित्रात येऊन हुकू शकते. अस्तराखाली बाहेरच्या बाजूने वाढणारी गाठ तिला दिसतच नाही. शिवाय व्रण दिसला तरी तो कशाचा, हे चित्र सांगत नाही. क्रोन्स आजार, क्षयरोग आणि वेदनाशामक गोळ्या या तिघांचे व्रण सारखे दिसू शकतात, आणि आतड्याचा क्षय भारतात अजूनही नेहमी भेटतो.

आता दुसरी तक्रार पाहू. तिशीच्या आतला तरुण, जेवल्यावर पोटात कळा, पोट फुगणे, गुरगुर होऊन गोळा फिरल्यासारखे वाटणे, आणि उतरलेले वजन. ही लक्षणे आतडे कुठेतरी अरुंद झाल्याची आहेत. इथे पहिली तपासणी एंटेरोग्राफीच हवी.

नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये मिटलेले आतडे जाड दिसून फसवते. म्हणून एंटेरोग्राफीत रुग्णाला मॅनिटॉलसारखे द्रव्य घातलेले सुमारे दीड लिटर पाणी पाऊणेक तासात थोडे थोडे पाजतात. साधे पाणी लगेच शोषले जाते. हे आतड्यातच राहून त्याला फुगवते. त्याची किंमत म्हणजे नंतर होणारे जुलाब. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिले की आतले पाणी काळपट राहते आणि भिंत उजळते. सीटीत छायाचित्रण काही सेकंदांत उरकते, पण किरणोत्सर्ग होतो. एमआरआयला अर्धा तास किंवा जास्त लागतो आणि आतड्याची हालचाल थांबवायला इंजेक्शनही देतात, पण त्यात किरणोत्सर्ग नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासावे लागणाऱ्या तरुण रुग्णासाठी म्हणूनच एमआरआयला पसंती मिळते. अचानक पोट तीव्र दुखू लागले तर मात्र सीटीच सोयीचा.

या तरुणाच्या चित्रात समजा शेवटच्या भागातली भिंत 3 मिलिमीटरच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाडावलेली आहे, तिच्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या ठळक झाल्या आहेत, आणि अरुंद जागेच्या अलीकडचे आतडे फुगलेले आहे. भिंत फोडून शेजारच्या आतड्यात गेलेली वाट किंवा पोटात साठलेला पू असता, तर तोही इथेच दिसला असता. कॅप्सूलला त्याचा पत्ताही लागला नसता. लसिकाग्रंथी सुजलेल्या आणि मध्यभागी कुजलेल्या असतील तर संशय क्षयाकडे झुकतो. पण खात्रीसाठी दुर्बिणीने तुकडा काढून तपासावाच लागतो. अरुंदपणा सुजेमुळे आहे, म्हणजे औषधाने उतरेल, की घट्ट व्रणामुळे आहे, हेही चित्रावरून दर वेळी ठरत नाही, कारण बहुतेकदा दोन्ही एकत्रच असतात.

याच अरुंद जागेत कॅप्सूल अडकण्याचा धोका असतो. दोन आठवडे उलटूनही ती शरीरात असली, तर अडकली असे मानतात. निव्वळ रक्तस्रावासाठी तपासलेल्या रुग्णांत हे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास असते, क्रोन्स असलेल्यांत अधिक. एंटेरोग्राफी स्वच्छ असली तरी धोका पुरता टळत नाही. वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात पडद्यासारखी पातळ वर्तुळे तयार होतात, आणि ती स्कॅनमध्ये हमखास दिसतील असे नाही. अशा रुग्णाला आधी त्याच आकाराची, पण साधारण तीस तासांनी विरघळू लागणारी कॅमेराविरहित कॅप्सूल देतात. ती अखंड बाहेर पडली, तर खरी द्यायला हरकत नसते.

अडकलेली कॅप्सूल बहुतेकदा लगेच त्रास देत नाही. कित्येकांना ती आत आहे हे कळतही नाही. ती शौचावाटे पडलेली दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढून खात्री करतात. आत राहिलेली असेल तर आधी औषधाने सूज उतरवून पाहतात, नाहीतर लांब दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढतात. शस्त्रक्रिया करावी लागली, तर अरुंद झालेला भागही त्याच वेळी काढता येतो. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत रुग्णाला एमआरआयच्या यंत्राजवळ जाऊ देत नाहीत, आणि त्यात एमआर एंटेरोग्राफीही आलीच.